कवितेकडून उत्तराकडे – भाग ४ : ‘औदुंबर’चे रसग्रहण

मागच्या भागात कवितेतले चित्र कसे शोधायचे ते पाहिले. आता उत्तर लिहायला बसू. कविता घेऊ बालकवींची ‘औदुंबर’. ती आठच ओळींची आहे, त्यामुळे पाल्हाळाला वाव नाही.

आधी मध्यवर्ती कल्पना, दोन वाक्यांत. ‘या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आहे’ असे लिहिले असेल तर खोडा, कारण ते बालकवींच्या कितीतरी कवितांना चालेल. ‘झऱ्यापासून निघालेली नजर टेकडीकडच्या लहानशा गावावरून आणि शेतांतून एका काळ्या डोहाशी पोचते आणि तिथल्या झाडापाशी थांबते,’ हे वाक्य फक्त याच कवितेचे आहे.

दुसरी पायरी अभिव्यक्तीची. सर्वांत जास्त गुण इथेच जातात. ‘चेतनगुणोक्ती अलंकार आहे’ एवढे लिहून मुले पुढे सरकतात. माणसासारखे कोण वागते आणि त्याने काय साधते, हेही लिहायला हवे. इथे पायवाट चालते आणि झाड पाण्यात पाय सोडून बसते. क्रियापदे ओळीने मांडून पाहा: झरा वाहतो, वाट चालते, झाड बसते. कवितेची गती मंदावत जाते. रंगही तसेच: निळा, हिरवा, पांढरा आणि शेवटी काळा.

या निरीक्षणातूनच तिसरी पायरी निघते. कवी दुःखी असल्याचे कुठेच सांगत नाही, तरी शेवटी मन गंभीर होते. म्हणून ‘कवी उदास आहे’ असे ठोकून देऊ नका. ‘मोकळ्या हिरव्या रानातून नजर काळ्या पाण्यावर येते आणि हालचाल थांबते, त्यामुळे शांत, किंचित उदास भाव जाणवतो,’ असे लिहा. भावनेचे नाव आणि तिचे कारण एकाच वाक्यात यायला हवे. काहींना इथे उदासीपेक्षा विरक्ती जाणवते. कारण देता आले, तर तेही बरोबर.

शेवटी स्वतःचा प्रतिसाद. ‘ही कविता मला खूप आवडली’ याने काहीच कळत नाही. मावळातल्या मुलाजवळ लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. उदाहरणार्थ: ‘पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसांचाच गलका जास्त असतो. आमच्या भातखाचरांमागच्या ओढ्यावर मात्र एक उंबर आहे, त्याच्या सावलीत पाणी काळे दिसते. तिथे मी भीतीने लवकर निघायचो. कविता वाचल्यावर ती भीती नसून एकटेपणा होता, असे वाटले.’ आठवण तीन-चार वाक्यांत आवरा आणि शेवटचे वाक्य कवितेवर आणा, नाहीतर उत्तराचा निबंध होतो.

दहावीच्या प्रश्नात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे दिलेले असतील. तेव्हा पहिली पायरी आशयात घाला, अलंकार, भावना आणि प्रतिसाद काव्यसौंदर्यात, आणि क्रियापदे, रंग भाषेत.