हॉर्विट्झ यांचा रेणू आणि विषाणूची पळवाट

डेट्रॉइट येथील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये ॲझिडोथायमिडिन, म्हणजे पुढे एझेडटी म्हणून ओळखला गेलेला रेणू तयार केला, तेव्हा एचआयव्ही कोणाला ठाऊक नव्हता आणि हा रेणू ज्या विकराला रोखणार होता, त्याचा शोध लागायलाही सहा वर्षे होती. रक्ताच्या कर्करोगातील पेशींना डीएनएचा बनावट घटक पुरवून त्यांची वाढ थांबवावी, हा हॉर्विट्झ यांचा हेतू होता; परंतु उंदरांवर औषधाचा उपयोग झाला नाही आणि पेटंट न घेताच ते बाजूला पडले.

डीएनएची साखळी गाडीला एकामागून एक डबे जोडावेत तशी वाढते आणि प्रत्येक घटकाच्या शर्करेवरील तिसऱ्या कार्बनला असलेला हायड्रॉक्सिल गट पुढच्या डब्याच्या कडीचे काम करतो. एझेडटीमध्ये त्या जागी तीन नायट्रोजन अणूंचा अझाइड गट असल्यामुळे पुढचा घटक जोडला जात नाही आणि साखळी तिथेच संपते.

हा अडथळा विषाणूच्या जीवनचक्रात नेमका कुठे बसतो, हे पाहिले पाहिजे. एचआयव्ही प्रथम सीडी४ पेशीवरील सीडी४ आणि सीसीआर५ या ग्राहकांना चिकटतो व त्याचे आवरण पेशीच्या पटलात मिसळते; मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर५ झाकते, तर एनफुव्हिर्टाइड हे मीलन रोखते. त्यानंतर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर विषाणूच्या आरएनएवरून डीएनएची नक्कल तयार करते. एझेडटी, लॅमिव्हुडिन, टेनोफोव्हिर ही बनावट घटकांची औषधे नकलेची साखळी तोडतात, तर नेव्हिरॅपिनसारखी औषधे त्याच विकराच्या एका खोबणीत बसून त्याची हालचाल जखडतात. तयार डीएनए इंटिग्रेज हे विकर मानवी गुणसूत्रात जोडते व डोल्युटेग्रॅव्हिर त्याला अडवते. पेशीतून नवे कण बाहेर पडल्यावर प्रोटिएज त्यांतील लांब प्रथिने कापून त्यांना संसर्गक्षम बनवते आणि प्रोटिएजरोधक औषधे ते काम बंद पाडतात. लेनाकॅपाव्हिर मात्र विषाणूच्या गाभ्याच्या कवचालाच धरते आणि त्यामुळे केंद्रकात प्रवेश तसेच नव्या कवचाची बांधणी, या दोन्ही टप्प्यांवर परिणाम करते.

एझेडटी १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया व सॅम्युएल ब्रोडर यांच्या प्रयोगांत एचआयव्हीविरुद्ध परिणामकारक ठरले. २८२ रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्या गटात एक, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात १९ मृत्यू झाल्यावर ती चाचणी मुदतीपूर्वी थांबवण्यात आली आणि मार्च १९८७ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. वापराचे पेटंट बरोज वेलकम कंपनीकडे गेले व मूळ रेणू घडवणाऱ्या हॉर्विट्झ यांना स्वामित्वधन मिळाले नाही, हा अन्याय नोंदवलाच पाहिजे.

तथापि हे यश टिकले नाही. ब्रेंडन लार्डर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की सहा महिने किंवा अधिक काळ एझेडटी घेतलेल्या रुग्णांतील विषाणू त्याला दाद देईनासा होतो. विकराच्या रचनेत काही अमिनो आम्ले बदलली की साखळीच्या टोकाला बसलेला बनावट घटक एटीपीच्या साहाय्याने पुन्हा कापून काढता येतो आणि थांबलेली नक्कल पुढे सुरू होते. अशा बदलांची विषाणूकडे वाण नाही, कारण त्याच्या जनुकसंचात सुमारे ९,७०० अक्षरे असतात आणि नक्कल करताना साधारण ३०,००० अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे दर तीन नकलांमागे एकीत बदल होतो आणि उपचाराविना रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी कण निर्माण होतात.

लॅमिव्हुडिनपासून विषाणू त्याहूनही लवकर, काही आठवड्यांतच सुटतो, कारण विकरातील १८४ व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन येणे एवढा एकच बदल त्याला पुरतो. परंतु त्याच बदलामुळे बनावट घटक कापून काढण्याची विकराची क्षमता मंदावते आणि एझेडटीचा परिणाम बऱ्याच अंशी परत येतो. एका औषधापासूनची सुटका दुसऱ्याच्या सापळ्याकडे नेते, हे १९९५ मध्ये लार्डर यांनीच मांडले. तीन औषधे एकत्र देण्याचे तर्कशास्त्रही इथेच आहे: एकाच नकलेत तिन्हींविरुद्धचे बदल योगायोगाने जुळण्याची शक्यता अत्यल्प असते, मात्र डोस वारंवार चुकल्यास अर्धवट दाबलेला विषाणू ते बदल एकेक करून जमवतो. उपचार घेत असतानाही रक्तातील विषाणूभार पुन्हा वाढू लागणे ही त्याची खूण होय.

मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन व नेव्हिरॅपिन यांचे तिहेरी उपचार वर्षाला सुमारे ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा हे तर्कशास्त्र गरीब देशांच्या आवाक्यात आले. त्यातील स्टॅव्हुडिनचा रेणूही हॉर्विट्झ यांनीच १९६० च्या दशकात प्रथम घडवला होता.

एक जागा मात्र वर्णिलेल्या सर्व औषधांच्या पलीकडे राहते. गुणसूत्रात जोडला गेलेला विषाणूचा डीएनए सुप्त स्मृतिपेशींत कोणतेही विकर न वापरता पडून राहतो, त्यामुळे अडवण्याजोगी क्रियाच तिथे घडत नाही. अशी पेशी जागी झाली की तो पुन्हा आरएनए बनवू लागतो, औषधे थांबलेली असल्यास संसर्ग पुन्हा पसरतो आणि म्हणूनच हे उपचार आजन्म घ्यावे लागतात.