‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ लिहिण्याआधी

फेब्रुवारीत पुतण्याची हळद घरीच करायची ठरली. कोथरूडमधली आमची पाच मजल्यांची, वीस फ्लॅटची जुनी सोसायटी. पाहुणे साठेक, गाणी लावायला ओळखीतल्या एका मुलाचे दोन स्पीकर. भावाने लिफ्टशेजारच्या बोर्डावर सूचना लावली : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी आमच्याकडे छोटासा घरगुती समारंभ आहे. थोडाफार आवाज होईल. सहकार्य अपेक्षित. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा सारखा करत ती वाचली आणि भावाला तिथेच अडवलं. “अरे, संपणार किती वाजता? गाड्या कुठे लावणार? आणि आमच्या स्कूटरपुढे कुणी गाडी ठोकून गेलं, तर फोन कुणाला करू?”

सूचनेत नम्रपणा भरपूर होता, पण या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे वाक्य आपण खोदलेल्या रस्त्यांवर इतकं वाचलंय, की त्यातून एवढंच ऐकू येतं : गैरसोय होणार, आणि किती वेळ ते सांगणार नाही. शेजाऱ्याला माफी नको असते. त्याला स्वतःची संध्याकाळ आखायची असते. बाळाला कधी झोपवायचं, गाडी आधीच बाहेर काढून ठेवायची का, की सरळ लेकीकडे जायचं, हे त्याला तुमच्या कागदावरून ठरवता आलं पाहिजे. म्हणून दुसरी सूचना लिहिण्याआधी आम्हालाच बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागल्या.

पहिली गोष्ट वेळेची. ती पूर्णपणे आपल्या हातात नसते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर किंवा गच्चीवर स्पीकर लावता येत नाही. गणपती-नवरात्रात काही दिवस बारापर्यंत परवानगी असते, पण ती सरकारने ठरवलेल्या सणांच्या दिवसांपुरती. घरच्या हळदीला ती सूट नाही. ‘सगळ्या शेजाऱ्यांची हरकत नाही’ म्हणूनही दहाचे साडेदहा होत नाहीत. शिवाय लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, त्यासाठी पोलीस चौकीत आधीच चौकशी करावी. शेजाऱ्यांना लावलेली सूचना म्हणजे ती परवानगी नव्हे.

आवाज किती, यालाही मोजमाप आहे. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे दिवसाही साधारण 60. समोरासमोर बसून आपण गप्पा मारतो, तेवढाच हा आवाज. हळदीचे स्पीकर गच्चीवर नेले की हे गणित जमत नाही, कारण तिथे आवाज अडवायला भिंतच नसते. आम्ही गच्ची सोडली आणि कार्यक्रम हॉलमध्ये घेतला.

पण हॉलमध्ये दुसरीच अडचण. खिडक्या लावल्या की गाण्याचे शब्द अडतात, पण बेसचा ‘धुम् धुम्’ स्लॅबमधून खाली उतरतो. स्पीकर फरशीवर ठेवला, तर खालच्यांच्या कपाटाची काचसुद्धा थरथरते. म्हणून स्पीकर स्टुलावर चढवले, स्टुलांखाली जुन्या गोधडीच्या घड्या घातल्या, तोंडं आतल्या भिंतीकडे केली आणि बेस कमी करून घेतला. आदल्या दिवशी एक गाणं लावून मी खाली काकूंच्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. मोबाइलवरची डेसिबल दाखवणारी ॲप अंदाजापुरतीच असतात. खरी चाचणी म्हणजे खालच्या घरात टीव्ही नेहमीच्या आवाजात ऐकू येतो का. येत नव्हता. बेस आणखी खाली आणला.

गाड्यांचं गणित वहीवर मांडलं. साठ पाहुणे, बारा-चौदा गाड्या, आणि पाहुण्यांसाठी सोसायटीत जागा तीन. त्या तीन वयस्कर पाहुण्यांसाठी राखल्या. उरलेल्यांसाठी जवळच्या शाळेच्या मैदानाची परवानगी घेतली आणि निमंत्रणाच्या मेसेजबरोबरच त्या जागेचं लोकेशन पाठवलं. पाहुणा गेटपाशी येऊन मग विचारू लागला, की गाडी मिळेल त्या कोपऱ्यात घुसते. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनाची गाडी आत येईल एवढी वाट मोकळी ठेवायची, हे वॉचमनला बजावलं आणि सहा ते सात एका भाच्याला त्याच्याबरोबर गेटवर उभं केलं. प्रत्येक गाडीच्या काचेमागे मालकाच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवली.

मग बोर्डावर नवा कागद लागला :

‘सप्रेम नमस्कार. शनिवार, 14 फेब्रुवारी रोजी फ्लॅट क्र. 302 मध्ये आमच्या मुलाची हळद आहे. संध्याकाळी 6 ते 9.30 गाणी असतील, 9.30 ला बंद होतील. गच्चीवर काही नाही. पाहुण्यांच्या गाड्या शाळेच्या मैदानावर लागतील, आत फक्त तीन. आवाजाचा किंवा गाडीचा त्रास झाला, तर या नंबरवर फोन करावा, लगेच बघू. घरात कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल, तर आधी जरूर सांगावं. वेळेत बदल करू.’

नंबर नवऱ्या मुलाच्या वडिलांचा दिला नाही. त्या दिवशी त्यांचा फोन कुठल्यातरी पिशवीत असतो. ज्याच्याकडे दुसरं काम नाही अशा मामाचा दिला.

हा कागद आठवडाभर आधी लागला आणि आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा गेला. वर, खाली आणि शेजारी मात्र स्वतः जाऊन सांगितलं. तिथे एक अवघड जागा असते : सगळ्या वीस घरांना जेवायला बोलावणं जमणार नसतं. ज्याला बोलावलं नाही, त्याच्याकडेच समजून घ्या म्हणायचं! अशा वेळी ‘यायचं हं’ असं मोघम बोलू नये. “काकू, जागा कमी म्हणून नातेवाइकांपुरतंच ठेवलंय, डबा मात्र पाठवते,” हे ऐकणाऱ्याला कमी टोचतं.

या दारोदार फिरण्यातच कळलं, की समोरच्या मुलीचा सोमवारी बारावीचा पेपर आहे. तिच्या आईने तो बोर्डावर लिहून कळवला नसता. आम्ही ढोलवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि तिला चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली मिळवून दिली.

शनिवारी आठच्या सुमाराला मामाचा फोन वाजला. काकूंची स्कूटर अडली होती. चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन गेला आणि दहा मिनिटांत गाडी हलली. साडेनऊला गाणी लावणारा मुलगा “शेवटचं एकच” म्हणाला. हे शेवटचं एक कधीच एक नसतं, त्यामुळे मामाने ते संपताच सरळ प्लग काढला. मग मी खाली गेटवर जाऊन उभी राहिले. गाणी थांबल्यावर खरा गोंगाट तिथे होतो : हाका, निरोप, गाडीच्या दारांची धाडधाड, रिव्हर्स हॉर्नची पिपाणी. लोकांना निरोप घरातच घ्यायला लावले, तर हा अर्धा तास वाचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डावरचा कागद काढला. काकू डबा परत द्यायला आल्या. रिकामा देत नाहीत म्हणून त्यात साखर घातलेली होती.

“छान झालं हो,” त्या म्हणाल्या. “पण बंद केलंत तेव्हा नऊ पस्तीस झाले होते.”