साडेपस्तीसचा क्लोरिन

शाळेत पाठ केलेल्या अणुवस्तुमानांच्या यादीत एक आकडा नेहमी खुपायचा. हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६, सोडियम २३ असे सगळे सरळ चाललेले असताना मध्येच क्लोरिन ३५.५. कुणी फार विचारले तर ‘तेवढे लक्षात ठेवा’ असे उत्तर मिळायचे. तसा हा आकडा शास्त्रज्ञांनाही बराच काळ खुपत होता. विल्यम प्राउट या लंडनच्या डॉक्टरने १८१५ मध्ये असा तर्क मांडला होता, की सर्व मूलद्रव्यांची वस्तुमाने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत. क्लोरिन काही त्याला दाद देईना. बेल्जियमच्या झां स्तास याने विलक्षण काटेकोरपणे वजने करून पाहिली, तरी उत्तर ३५.४६ च्या आसपासच येत राहिले. म्हणजे मोजण्यात चूक नव्हती.

उलगडा झाला तो वजनकाटा बाजूला ठेवल्यावर. काट्यावर एका वेळी अब्जावधी अणू चढतात, त्यामुळे तो सगळ्यांचे मिळून वजन सांगतो. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस अ‍ॅस्टनने १९१९ मध्ये असे यंत्र बांधले, जे अणूंना वस्तुमानानुसार वेगवेगळे करते. विरळ वायूतून वीज सोडली की अणूंमधले इलेक्ट्रॉन निघून जातात आणि विद्युतभारित आयन उरतात. हे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाताना वळतात. जड आयन कमी वळतो, हलका जास्त. अ‍ॅस्टनच्या यंत्रात ते फोटोच्या काचेवर आदळून रेघा उमटवत. क्लोरिनसाठी ३५ आणि ३७ या जागी ठळक रेघा आल्या, आणि ३५.४६ ला काहीच नव्हते! ज्या वस्तुमानाचा शंभर वर्षे खल चालला, त्या वस्तुमानाचा एकही अणू निसर्गात नव्हता. होती ती दोन समस्थानिकांची सरासरी.

आजच्या यंत्रात काचेऐवजी विद्युत शोधक असतो आणि रेघांऐवजी आलेख मिळतो. आडव्या अक्षावर वस्तुमान भागिले विद्युतभार, उभ्या अक्षावर आयनांचे प्रमाण. यालाच मास स्पेक्ट्रम म्हणतात. सर्वांत उंच शिखराला १०० मानून बाकीची शिखरे त्या हिशेबाने दाखवण्याची पद्धत आहे. क्लोरिनमध्ये ३५ चे शिखर १०० आणि ३७ चे साधारण ३२ दिसते.

इथे पहिला घोटाळा होतो. तो १०० चा आकडा पाहून विद्यार्थी ती टक्केवारी समजतात आणि शेवटी शंभरने भागतात. ३५ गुणिले १०० म्हणजे ३५००, ३७ गुणिले ३२ म्हणजे ११८४, बेरीज ४६८४. शंभरने भागले तर ४६.८४ येते. पस्तीस आणि सदतीस रुपये किलोचे कांदे एकत्र घेतले, तर सरासरी भाव सत्तेचाळीसच्या घरात जाईल का? सरासरी नेहमी सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड यांच्या मध्येच पडली पाहिजे. भागायचे ते शिखरांच्या उंचींच्या बेरजेने, म्हणजे १३२ ने. ४६८४ भागिले १३२ म्हणजे ३५.४८.

बरेच जवळ आलो, पण पुस्तकात ३५.४५ आहे. हा शेवटचा फरक गुणाकारातला नाही. ३५ आणि ३७ हे वस्तुमानांक आहेत, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची गणती. ती वस्तुमाने नव्हेत. कार्बन-१२ ला बरोबर १२ मानून मोजले, तर क्लोरिनचे हलके समस्थानिक ३४.९६९ भरते आणि जड ३६.९६६. केंद्रकातले कण एकमेकांना घट्ट धरून ठेवताना काही ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढे वस्तुमान कमी होते. क्लोरिनचे केंद्रक कार्बनच्या केंद्रकापेक्षा घट्ट बांधलेले, म्हणून दोन्ही आकडे पूर्णांकाच्या किंचित खाली सरकतात. हे आकडे घेऊन तोच हिशेब केला, की ३४९६.९ आणि ११८२.९ मिळून ४६७९.८, भागिले १३२, म्हणजे ३५.४५. टक्केवारीत सांगायचे तर हलके समस्थानिक ७५.७६ टक्के आणि जड २४.२४ टक्के आहे.

हिशेब असा सोपा आहे. कौशल्य लागते ते कोणती शिखरे घ्यायची हे ठरवायला. अ‍ॅस्टनच्या काचेवर ३६ आणि ३८ लाही रेघा होत्या. भोळेपणाने पाहिले तर क्लोरिनची चार समस्थानिके वाटावीत. पण ती हायड्रोजन चिकटलेल्या क्लोरिनची, म्हणजे हायड्रोजन क्लोराइडची जोडी होती: दोन्ही रेघा एकेका घराने पुढे सरकलेल्या. १७.५ आणि १८.५ च्या अंधुक रेघा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या क्लोरिनच्या. भार दुप्पट झाला, म्हणून आकडा निम्मा दिसतो.

क्लोरिनचा रेणू न तुटता शोधकापर्यंत पोहोचला, तर ७०, ७२ आणि ७४ वर तीन शिखरे येतात. मला हे त्रिकूट फार आवडते. तीनास एक हे ढोबळ प्रमाण धरले, तर दोन्ही अणू हलके असण्याची शक्यता सोळात नऊ, एक हलका आणि एक जड सहा, दोन्ही जड एक. खऱ्या आलेखातही शिखरे जवळपास नऊ-सहा-एक अशीच दिसतात. ही खूण दिसली नाही, तर नमुन्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे अशी शंका घ्यावी. या त्रिकुटाची सरासरी काढून निम्मी केली, तर नेमके ३५.५ हाती लागते.

काटेकोर मोजणीत मात्र यंत्रावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. हलके आणि जड आयन शोधकापर्यंत सारख्याच सहजतेने पोहोचतात असे नाही, त्यामुळे शिखरांच्या उंचीत पक्षपात शिरतो. यावर उपाय म्हणून १९६२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जवळपास शुद्ध क्लोरिन-३५ आणि क्लोरिन-३७ माहीत असलेल्या प्रमाणात मिसळून यंत्र तपासण्यात आले. मिश्रणाचे खरे प्रमाण आणि यंत्राने दाखवलेले प्रमाण यांच्यातली तफावत मग नैसर्गिक क्लोरिनच्या मोजणीतून वजा करता येते.

पण ‘नैसर्गिक क्लोरिन’ तरी कुठला? समुद्राच्या मिठातला आणि एखाद्या खनिजातला क्लोरिन तंतोतंत सारख्या प्रमाणाचा नसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना आता क्लोरिनसाठी एकच आकडा न देता ३५.४४६ ते ३५.४५७ असा पट्टा देते. क्लोरिनमध्ये हा फरक नगण्य वाटतो, शिशाच्या बाबतीत तो डोळ्यांत भरतो. युरेनियम झिजत झिजत शेवटी शिसे-२०६ बनते आणि थोरियमचे शिसे-२०८. त्यामुळे युरेनियमच्या खनिजातून काढलेले शिसे हलके भरते. थिओडोर रिचर्ड्सने पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या अशा खनिजातल्या शिशाचे अणुवस्तुमान २०६.०८ मोजले, तर नेहमीचे शिसे २०७.२ चे. आज शिशाचा अधिकृत पट्टा २०६.१४ ते २०७.९४ आहे.