रात्रीचा स्वस्त डेटा आणि परीक्षेची तयारी : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील विद्यार्थ्यासाठी आठवड्याचे वेळापत्रक

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांच्या गावांतून अभियांत्रिकी वा विज्ञान शाखेचे शिक्षण घेणारा विद्यार्थी परीक्षेच्या तोंडावर चित्रफितींच्या व्याख्यानांकडे वळतो. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने विनामूल्य आहेत. परंतु दिवसाचा ठरावीक डेटा दोन-तीन व्याख्यानांतच संपत आला, तर रात्रीच्या सवलतीचा आधार घ्यावा लागतो.

ही कल्पना नवी नाही. 2016 मध्ये यूट्यूबने एअरटेल व टेलिनॉर या कंपन्यांच्या साहाय्याने भारतात 'स्मार्ट ऑफलाइन' ही सुविधा आणली होती. निवडलेली चित्रफीत रात्री, नेटवर्कवरील गर्दी ओसरल्यावर, आपोआप उतरून घेतली जात असे. 2021 मध्ये व्होडाफोन आयडियाने आपल्या काही प्रीपेड योजनांवर रात्री 12 ते सकाळी 6 या वेळेत अमर्याद डेटा जाहीर केला. बीएसएनएलच्या काही योजनांत हीच सवलत रात्री 12 ते पहाटे 5 अशी राहिली आहे. योजना बदलत असतात. त्यामुळे रिचार्ज करण्यापूर्वी रात्रीची सवलत त्या योजनेत आहे का आणि ती किती वाजता संपते, हे कंपनीच्या ॲपवर पाहून घेणे आवश्यक ठरते.

सीमाभागात येथेच पहिली गल्लत होते. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने महाराष्ट्र व गोवा हे एक मंडळ आहे आणि कर्नाटक हे दुसरे. औरादचा विद्यार्थी बाजारासाठी उदगीरला गेला आणि तेथील दुकानात रिचार्ज केले, तरी त्याला योजना मिळते ती त्याच्या सिमकार्डाच्या मंडळाची. दुकानाच्या भिंतीवर लावलेली महाराष्ट्राची जाहिरात कर्नाटकच्या सिमला लागू असेलच असे नाही.

सवलत हाती आल्यावर बहुतेक विद्यार्थी सापडेल ते सर्व उतरवण्याच्या मागे लागतात. पन्नास-साठ चित्रफिती रांगेत लावून पहाटेपर्यंत जागरण होते आणि दुसऱ्या दिवशी पाहायला डोळे उघडे राहत नाहीत. नियोजनाची सुरुवात डेटापासून न करता पाहण्याच्या वेळेपासून करावी. जेवढे आठवड्यात पाहून होणार आहे, तेवढेच उतरवावे.

एक उदाहरण घेऊ. औराद तालुक्यातील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची परीक्षा चार आठवड्यांवर आली आहे, असे समजू. इतर अभ्यास सांभाळून ती रोज दीड तास व्याख्यानांना देऊ शकते. प्रत्येक व्याख्यान अर्ध्या तासाचे धरले, तर दिवसाला तीन आणि आठवड्याच्या सहा दिवसांत अठरा व्याख्याने होतात. शेवटचा आठवडा केवळ उजळणीसाठी राखल्यास तीन आठवड्यांत चोपन्न व्याख्याने पाहता येतील. अवघड विषयाची चाळीस आणि दुसऱ्या विषयाची निवडक चौदा, एवढ्यातच तिला भागवावे लागेल. कोणती चौदा, हा निर्णय अभ्यासक्रम समोर ठेवून आधीच घ्यावा.

आता आकारमान पाहू. 360p दर्जाचे अर्ध्या तासाचे व्याख्यान साधारण 100 एमबी धरावे. फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या व्याख्यानात अक्षर बारीक असेल तरच 480p घ्यावे. 720p घेतल्यास आकार तिपटीच्या घरात जातो. आठवड्याची अठरा व्याख्याने म्हणजे 1.8 जीबी. सोमवार ते गुरुवार अशा चार रात्रींत ती पाच, पाच, चार, चार अशी वाटावीत. एका रात्री अधिकात अधिक 500 एमबी. सेकंदाला 1 मेगाबिट असा साधा वेग मिळाला, तरी तासाला 450 एमबी उतरतात. म्हणजे काम सव्वा तासाच्या आत आटोपते. नेटवर्क मंदावून वेग चौथाईवर आला, तर साडेचार तास लागतील. तरीही पहाटे 5 पर्यंतची सवलत पुरते. 720p दर्जा घेतला असता तर या मंद वेगाला तेरा तासांहून अधिक लागले असते.

वेळापत्रक असे ठेवता येईल. रविवारी दुपारी आठवड्याच्या अठरा व्याख्यानांचे दुवे एका यादीत लिहून घ्यावेत. सोमवार ते गुरुवार रात्री बारानंतर त्या रात्रीचा वाटा सुरू करून झोपावे. एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर ज्या अभ्यासक्रमांची MP4 फाईल उपलब्ध असते, त्या फाईल 1DM यांसारख्या, वेळ लावण्याची सोय असलेल्या डाउनलोड ॲपला देता येतात. सुरुवातीची वेळ 12.10 आणि थांबण्याची वेळ सवलत संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी ठेवली, की बारापर्यंत जागण्याचीही गरज उरत नाही. शुक्रवारची रात्र रिकामी ठेवावी; अर्धवट राहिलेल्या फाईल त्या रात्री पूर्ण होतात. शनिवारी पाहून झालेल्या फाईल पुसून जागा मोकळी करावी.

चुका बहुधा वेळेच्या दोन टोकांना होतात. अकरा वाजताच डाउनलोड सुरू केले तर ते दिवसाच्या डेटातून जाते. तो संपल्यावर अनेक योजनांत वेग 64 केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने 100 एमबीच्या एका फाईलला साडेतीन तास लागतात. दुसऱ्या टोकाला, सहा वाजून गेल्यावरही फाईल उतरत राहिली, तर त्या दिवसाचा डेटा न्याहारीपूर्वीच खर्च होतो. सकाळी फोनच्या सेटिंगमधील डेटा वापराचा आकडा पाहिला की हे लगेच कळते.

तिसरी अडचण फोनची स्वतःची. पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीतील ॲप थांबवतो आणि सकाळी पाचांपैकी एकच फाईल मिळते. त्या ॲपपुरते बॅटरीचे बंधन काढावे आणि फोन आधीच चार्ज करून ठेवावा, कारण वीज रात्रीही जाते. सकाळी प्रत्येक फाईल उघडून शेवटच्या मिनिटावर न्यावी. तेथे चित्र व आवाज दोन्ही असतील तर फाईल पूर्ण आहे, असे समजण्यास हरकत नाही.

यूट्यूब ॲपमध्ये साठवलेल्या चित्रफितींना मात्र वेगळी मर्यादा आहे. त्या ॲपबाहेर फाईल म्हणून मिळत नाहीत आणि फोन ठरावीक मुदतीत इंटरनेटशी जोडला गेला नाही, तर उघडत नाहीत. ही मुदत ठिकाणानुसार 48 तासांपासून 29 दिवसांपर्यंत असू शकते. पहिल्या आठवड्यात साठवलेले व्याख्यान परीक्षेच्या आदल्या रात्री, नेमके रिचार्ज संपलेले असताना, बंद झालेले आढळणे शक्य आहे. म्हणून उजळणीच्या आठवड्यासाठी लागणारी व्याख्याने शक्यतो MP4 स्वरूपात ठेवावीत. यूट्यूबमधील व्याख्यानांसाठी दर दोन दिवसांनी काही मिनिटे डेटा सुरू करून ॲप उघडावे, मग विमान मोड लावून ती चालतात का हे पाहावे. एखादे चालले नाही, तर ते पुन्हा उतरवण्यासाठी त्याच रात्रीची सवलत हाताशी असते.