संभाषणातील पसंतीची तफावत

प्रस्तावना

अपरिचित व्यक्तीशी बोलणे झाल्यावर आपण मनातल्या मनात त्याची उजळणी करतो. 'ते वाक्य उगाच बोललो', 'समोरच्याला कंटाळा आला असावा' असे वाटत राहते. हे वाटणे कितपत खरे असते, याचा अभ्यास एरिका बूथबी, गस कूनी, जिलियन सँडस्ट्रॉम आणि मार्गारेट क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी केला व २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. समोरच्याला आपण प्रत्यक्षात जितके आवडलो, त्यापेक्षा कमी आवडलो असे माणसे सरासरीने समजतात, असे त्यांना आढळले. या फरकास आपण 'पसंतीची तफावत' म्हणू.

तफावत कशी मोजतात?

पहिल्या प्रयोगात एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना काही मिनिटे बोलू दिले. नंतर प्रत्येकाला स्वतंत्रपणे दोन गोष्टी विचारल्या : समोरची व्यक्ती तुम्हाला किती आवडली, आणि तुम्ही तिला किती आवडलात असे वाटते.

हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अभ्यासकेंद्रावरील पहिल्या संपर्कसत्रात सुनंदाताई आणि महेशराव यांची ओळख झाली. १ ते ७ या श्रेणीवर सुनंदाताईंनी महेशरावांना ६ गुण दिले. पण त्यांनी आपल्याला ४ च दिले असतील, असा अंदाज केला. महेशरावांनी सुनंदाताईंना ५ गुण दिले, आणि आपल्याला ४ मिळाले असतील असे धरले. म्हणजे सुनंदाताईंचा अंदाज १ गुणाने, तर महेशरावांचा २ गुणांनी कमी पडला. एकाच जोडीत असा फरक योगायोगानेही पडेल. परंतु अनेक जोड्यांमध्ये अंदाज बरोबर असते, तर अंदाजांची सरासरी आणि प्रत्यक्ष पसंतीची सरासरी सारखीच आली असती. ती तशी आली नाही.

तफावत का पडते?

पहिले कारण आपल्या लक्षाच्या दिशेत आहे. बोलताना आपण स्वतःकडे परीक्षकाच्या नजरेने पाहतो. अधिक चांगले काय बोलता आले असते, हे आपल्याला ठाऊक असते. समोरच्याला ते ठाऊक नसते. त्याने फक्त झालेले संभाषण ऐकलेले असते. शिवाय तोही स्वतःच्याच चुका मोजत असतो.

दुसरे कारण असे, की पहिल्या भेटीत कोणी आपली पसंती उघडपणे बोलून दाखवत नाही. ती हास्यातून, पुढच्या प्रश्नातून, रेंगाळण्यातून व्यक्त होते. या संभाषणांची चित्रफीत पाहणाऱ्या त्रयस्थांना अशा खुणा जाणवल्या. बोलणाऱ्यांनी मात्र आपला अंदाज बांधताना त्यांचा उपयोग केला नाही. लाजाळू व्यक्तींमध्ये ही तफावत अधिक आढळली.

ती केवळ पहिल्या भेटीपुरतीही नसते. येल विद्यापीठाच्या वसतिगृहात एकत्र राहू लागलेल्या विद्यार्थ्यांमध्ये ती कित्येक महिने टिकून राहिली आणि शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस मिटली.

संभाषणाच्या प्रारंभासाठी अर्थ

तफावतीचा खरा तोटा दुसऱ्या भेटीत होतो. पुढच्या सत्रात 'मी त्यांना विशेष आवडले नव्हते' असे समजून सुनंदाताई दूर बसतात. महेशरावही तसेच समजतात, आणि त्यांच्या दूर बसण्याने त्यांचा समज पक्का होतो. दोघांनाही बोलायचे असूनही ओळख तिथेच थांबते. मुक्त विद्यापीठात वर्षातून मोजकीच सत्रे होत असल्याने अशी संधी लवकर परत येत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, भेटीनंतरचा 'माझे बोलणे फसले' हा निष्कर्ष पुरावा म्हणून धरू नये. समोरच्याने काय विचारले, काय सांगितले, हे आठवून पाहावे, आणि पुढच्या भेटीत तोच धागा उचलावा : "मागच्या वेळी तुम्ही मुलीच्या परीक्षेविषयी सांगत होता, कशी झाली?" दुसरी, समोरच्यालाही आपल्या पसंतीचा अंदाज येत नसतो. म्हणून निरोप घेताना "तुमच्याशी बोलून बरे वाटले" एवढे म्हटले, तर त्याला एरवी न मिळणारी माहिती मिळते.

मर्यादा

ही प्रवृत्ती सरासरीची आहे. प्रत्येक व्यक्तीला आपण आवडलोच, असे ती सांगत नाही. प्रयोगातील माणसे बोलण्यास तयार होऊन आली होती. समोरची व्यक्ती एका शब्दात उत्तर देत असेल, उलट प्रश्न विचारत नसेल, पुस्तकात डोळे घालून बसली असेल, तर ती खूणही तितकीच खरी मानून संभाषण थांबवावे.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात महेशरावांचा अंदाज ५ असता, तर त्यांच्या बाजूची तफावत किती झाली असती?
२. लाजाळू व्यक्तींमध्ये तफावत अधिक का असावी, ते 'लक्षाची दिशा' या कारणाच्या आधारे स्पष्ट करा.