पाच गुणांचा हिशेब आणि बोटावरचा चिमटा

छातीच्या एक्स-रेवर पांढुरका डाग दिसला आणि डॉक्टरांनी ‘न्यूमोनिया’ म्हटलं, की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘अ‍ॅडमिट करावं लागेल का?’ याचं उत्तर एक्स-रे देत नाही. डाग मोठा असूनही माणूस चालत-बोलत असतो, तर कधी डाग नखाएवढा आणि माणूस मात्र कोसळायच्या बेतात असतो. निव्वळ अंदाजावर विसंबलं तर चूक दोन्हीकडे होते. घरी बरा होणारा माणूस सलाइन लावून कॉटवर पडून राहतो, आणि ज्याला खरोखर कॉट हवी तो गोळ्या घेऊन घरी जातो.

हा अंदाज जरा शिस्तीत बसवण्यासाठी डॉक्टर एक छोटा हिशेब करतात. त्याचं नाव कर्ब-६५. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या हजारभर प्रौढ रुग्णांच्या नोंदींवरून तो तयार झाला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरीदारी वावरताना जडलेल्या न्यूमोनियासाठी तो आहे. लहान मुलांना तो लागू नाही. त्यात पाच गोष्टी पाहतात आणि प्रत्येकीला एक गुण देतात: नव्याने आलेला गोंधळ, रक्तातलं वाढलेलं युरिया, मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त श्वास, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी, आणि वय ६५ किंवा त्यापुढे.

या पाचच गोष्टी का? कारण त्या फुफ्फुसापेक्षा बाकीच्या शरीराची हालत सांगतात. जंतुसंसर्ग रक्तापर्यंत भिडला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं, अंगातलं पाणी आटलं, की युरिया वाढतं. मेंदूला पुरेसा प्राणवायू आणि रक्त मिळेना की माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हाताऱ्या माणसांत कधी ताप नसतो, खोकलाही बेताचाच असतो. ‘कालपासून आजी जावयाला ओळखेना’ एवढीच तक्रार घेऊन घरचे येतात. आजीला आधीपासून विस्मरण असेल तर ते इथे मोजायचं नाही. नवं काय घडलं, तेवढंच मोजायचं.

गुण शून्य किंवा एक आला तर घरी उपचारांचा विचार करता येतो. या गटात महिन्याभरात दगावणारे शंभरात एक-दोन होते. दोन गुणांना हे प्रमाण शंभरात नऊच्या आसपास जातं, म्हणून दवाखान्यात ठेवून पाहतात. तीन आणि पुढे ते विसाच्या वर जातं. मग अ‍ॅडमिट करायचंच, आणि आयसीयू लागेल का याचाही विचार करायचा. जिथे रक्ततपासणीची सोय नाही तिथे युरिया वगळून उरलेल्या चार गोष्टी मोजतात. तिथे शून्य आला तरच घरी पाठवण्याचा विचार करतात.

समजा, तालुक्याच्या गावातले ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. तीन दिवस ताप, खोकला, पिवळट बेडका. बोलणं नीट आहे, रक्तदाब १२६/७०. वयाचा एक गुण झाला. केसपेपरवर श्वासाचा आकडा २० लिहिलेला आहे. हा आकडा पुष्कळदा न मोजता, सवयीने लिहिला जातो. रुग्णाला न सांगता, नाडी पाहिल्यासारखं करून, पुरतं एक मिनिट छातीची हालचाल मोजली तर २८ भरतात. तिसाला दोनच कमी, म्हणून गुण नाही. पण हा माणूस दमतोय, हे कळलं.

आता रिपोर्ट. ‘ब्लड युरिया ३८’. इथे पुष्कळांची गल्लत होते. परदेशी तक्त्यांत ‘१९ च्या वर असेल तर एक गुण’ असं लिहिलेलं असतं. तो १९ आहे बीयूएनचा, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचा. आपल्याकडच्या लॅब बहुधा सबंध युरियाचा आकडा देतात, आणि तो बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त असतो. त्या हिशेबाने सीमारेषा साधारण ४२ ला येते. ३८ हा आकडा तिच्या खाली आहे, म्हणून गुण शून्य. पण तो १९ शी ताडून पाहिला तर मास्तरांचे दोन गुण होतील, आणि हिशेबातल्या घोळापायी त्यांना कॉट मिळेल.

खरा गुण एक. म्हणजे मास्तर घरी? त्याआधी बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा. आकडा येतो ९१. आता घरी पाठवणं नाही. जुनाट फुफ्फुसविकार नसलेल्या माणसाचा आकडा ९२ च्या खाली असेल, तर गुण काहीही सांगोत, त्याला ऑक्सिजनची सोय असलेल्या ठिकाणी ठेवायला हवं.

कर्ब-६५ ची खरी मर्यादा ही आहे. तो सांगतो महिन्याभरात माणूस दगावण्याचा संभव, आणि डॉक्टरांसमोरचा प्रश्न असतो की आज रात्री याला दवाखान्यातलं काय लागणार आहे. दोन्ही प्रश्न जवळचे आहेत, एक नव्हेत. चौतीस वर्षांच्या, एरवी धडधाकट मुलाचे श्वास २८, रक्तदाब ठीक, शुद्ध ठीक, युरिया ठीक, म्हणून गुण शून्य. पण ऑक्सिजन ८७ असू शकतो. तरुण शरीर बराच वेळ तग धरतं, आणि ढासळतं तेव्हा पटकन ढासळतं.

अमेरिकेत १९९७ पासून वीस बाबींचा एक मोठा तक्ता वापरतात आणि तिथल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना त्यालाच झुकतं माप देतात. त्यात ऑक्सिजन मोजलेला आहे, पण पन्नाशीच्या आतल्या, जुना आजार नसलेल्या रुग्णाची नाडी, श्वास, ताप, दाब हद्दीत असतील, तर तो पहिल्याच पायरीवर सर्वांत कमी धोक्याच्या गटात जातो. ऑक्सिजनपर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणून चिमटा लागतोच. तो लावताना बोट ऊबदार हवं आणि नखावर नेलपॉलिश नको. सावळ्या त्वचेवर आकडा थोडा चढा दाखवला जाऊ शकतो, हेही ध्यानात ठेवायचं.

गुण कमी, ऑक्सिजन ठीक, तरी दोन-तीन साध्या गोष्टी विचाराव्या लागतात. गोळी पोटात टिकते का, की उलटीतून पडते? रात्री सोबत कुणी आहे का? त्रास वाढला तर दवाखाना किती लांब? वस्तीवर एकट्या राहणाऱ्या बाईंचा एक गुण आणि मुला-सुनेसोबत शहरात राहणाऱ्या बाईंचा एक गुण कागदावर सारखाच असतो. दुसऱ्या बाजूने, ‘मेडिक्लेम आहे, घ्या अ‍ॅडमिट करून’ हेही कारण नव्हे. सुईच्या जागेची सूज, दवाखान्यातले चिवट जंतू आणि पडून राहिल्याने वृद्धांच्या पायांतलं जाणारं बळ, या गोष्टी विम्यात भरून निघत नाहीत.

घरी पाठवलेल्या रुग्णाला दोन दिवसांनी पुन्हा तपासायचं, हा त्या निर्णयाचाच भाग आहे. तोवर ताप उतरू लागायला हवा आणि श्वास मंदावायला हवा. खोकला आणि थकवा काही आठवडे रेंगाळतात, एक्स-रेवरचा डाग तर सर्वांत शेवटी जातो. त्याची धास्ती नको. मात्र मधल्या काळात श्वास वाढला, वाक्य पुरं करताना दम लागला, लघवी कमी झाली, बोलण्यात घोळ आला किंवा ऑक्सिजन उतरला, तर दोन दिवस संपायची वाट पाहायची नाही. पहिल्या दिवशी काढलेला गुण त्या दिवसापुरताच होता. हिशेब नव्याने मांडायचा, आणि तो दवाखान्यात.