पिवळ्या ज्योतीआड लपलेला जांभळा

मीठ घातलेली आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा रंग मिठातल्या सोडियमचा. उष्णतेने त्याच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि लगेच खाली येतो. येताना घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत करतो. दोन पायऱ्यांमधलं अंतर जितकं, तशी प्रकाशाची तरंगलांबी. सोडियममध्ये ती सुमारे 589 नॅनोमीटर, म्हणजे पिवळी. प्रत्येक धातूच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून रंगही वेगळे.

प्रयोगशाळेत प्लॅटिनमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून तापवतात. ज्योतीला रंग येईनासा झाला की तार स्वच्छ. मग तिच्यावर क्षाराचा कण घेऊन ती ज्योतीच्या कडेला धरायची. पोटॅशियम असेल तर फिकट जांभळी झाक दिसायला हवी.

बहुतेकदा दिसतो मात्र पिवळाच! सोडियम इतकं दांडगं आहे की बोटाच्या घामातलं मीठही पुरतं, आणि जांभळा रंग त्याखाली बुडतो. अशा वेळी ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहावी. काच पिवळा प्रकाश शोषते, जांभळा आणि गडद तांबडा जाऊ देते.

दोन-तीन धातू एकत्र असले की काचेचंही फारसं चालत नाही. तिथे लोलक लागतो. जर्मनीत बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी 1860 मध्ये झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यातल्या क्षारांची ज्योत लोलकातून पाहिली, आणि दोन अनोळखी निळ्या रेषांवरून त्यांना सीझियम सापडलं.